डावीकडून दुसरे बटण

‘विषय : वर्गातील पंख्याचे बटण खराब झाल्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, इयत्ता सहावीच्या वर्गातील पंख्याचे बटण खराब झाले आहे. तरी ते लवकरात लवकर दुरुस्त करून मिळावे, ही नम्र विनंती.’

कुठल्याही शाळेच्या आवक फायलीत असे पत्र सापडेल. हे पत्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतले. पहिली ते सातवीचे वर्ग, दीडशेच्या आत मुले, कौलारू जुनी इमारत आणि तिला जोडून नंतर बांधलेल्या स्लॅबच्या खोल्या. पत्र लिहिणाऱ्या बाई सहावीच्या वर्गशिक्षिका. शाळा, बाई, मुख्याध्यापक यांपैकी कुणाचेही नाव इथे देत नाही, कारण दोष कुणा एकाचा नव्हता आणि शेवटी काम नीट झाले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा बाईंनी हे पत्र दिले. मुख्याध्यापकांनी त्यावर ‘बटण बदलावे’ असा शेरा मारला. बाजारपेठेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातला मुलगा आला, जुने बटण काढून नवे बसवून गेला. बिल फायलीला लागले आणि सगळ्यांच्या दृष्टीने विषय मिटला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तेच बटण पुन्हा चर्रचर्र वाजू लागले.

नव्या बटणाने महिनाभरात मान टाकली, याचे खापर बाईंनी आधी दुकानदारावर फोडले. ‘स्वस्तातला माल आणला असेल,’ असेच त्यांना वाटले. पण मग त्यांनी आठवडाभर त्या बोर्डाकडे लक्ष ठेवले आणि दुसरे पत्र लिहिले. ते एक पान भरून होते. त्या पत्रामुळे आलेल्या वायरमनला बोर्ड उघडण्याआधीच दोष कुठे आहे याचा अंदाज आला. पहिल्या पत्रात नेमके काय नव्हते आणि दुसऱ्यात काय होते, हे समजायचे तर आधी त्या बटणाच्या आत शिरावे लागेल.

ठिणगी कुठली साधी, कुठली वाईट

घरचा पंखा बंद करताना बटणाच्या फटीत निळसर चमक दिसते. अंधारात ती जास्त जाणवते. ही चमक बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. पंख्याची मोटर म्हणजे तारेचे वेटोळे, आणि वेटोळ्यातून वाहणारी वीज एकदम तोडू म्हटले तर ती तुटायला नाखूश असते. बटणाच्या आतल्या दोन पत्त्या एकमेकींपासून दूर जात असताना मधल्या हवेतून ती क्षणभर उडी मारते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे. म्हणजे सेकंदात १०० वेळा ती शून्यावर येते आणि त्या शून्यावर ही उडी विझते. म्हणून धड बटणातली ठिणगी पापणी लवण्याआत संपते. तिचा आवाज फार तर एक ‘टक’ असतो.

वाईट ठिणगी वेगळी ओळखू येते. बटण लावून झाल्यावरही ती चालूच राहते. तिचा आवाज टक असा नसतो, तळणीत पाण्याचा थेंब पडावा तसा चर्र असा सलग असतो. रंग पिवळा-नारिंगी असतो. थोड्या वेळाने जळका, माशासारखा उग्र वास येतो. बटणाचे प्लास्टिक किंवा बॅकेलाइट तापले की असा वास सुटतो आणि वर्गात बसलेल्यांना ‘कुठे तरी मासळी सडली’ असे वाटते. बटणाभोवती तपकिरी डाग पडतो. बोर्डाचा पत्रा किंवा फळी कोमट लागते.

या सगळ्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असते : कुठे तरी जोड सैल आहे. एक तर बटणातली स्प्रिंग थकलेली असते, म्हणून पत्त्या एकमेकींवर घट्ट बसत नाहीत. नाही तर बटणामागे जो पितळी स्क्रू वायरीला दाबून धरतो, तो ढिला झालेला असतो. कोकणात यात हवेची भर पडते. खाऱ्या दमट वाऱ्याने पितळ हिरवे पडते, तांब्याच्या तारेवर काळा थर चढतो. बोर्डात मुंग्या घर करतात, कुंभारीण माशी मातीची घरटी लिंपते, एखादी पाल आत जाऊन मरते. जोड पूर्ण तुटला तर पंखा बंद पडतो आणि दुरुस्ती होते. अर्धवट जोड मात्र धोक्याचा, कारण पंखा फिरत राहतो.

एका पंख्याची वीज, साऱ्या वर्गाची वीज

इथे कुणीही म्हणेल की पंखा तो केवढा आणि त्याची वीज ती केवढी. हा हिशेब खरा आहे. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा साधारण ७५ वॉटचा असतो. २३० व्होल्टवर तो एक तृतीयांश अँपिअर वीज घेतो. बटणावर ६ अँपिअर असे छापलेले असते. म्हणजे क्षमतेच्या अठराव्या भागाएवढाही भार त्या बटणावर नाही. मग ते तापेल कसे?

उत्तर बोर्डाच्या मागच्या बाजूला आहे. वर्गातल्या प्रत्येक बटणाला मेनपासून वेगळी फेजची वायर येत नाही. एक वायर येते, ती पहिल्या बटणाच्या खालच्या स्क्रूला लागते, तिथून छोटा तुकडा दुसऱ्या बटणाला जातो, दुसऱ्यापासून तिसऱ्याला. वायरमन याला लूप म्हणतात. काटकसरीची ही पद्धत सर्रास वापरली जाते आणि नीट केली तर तीत काही वावगे नाही. पण तिचा अर्थ असा की डावीकडून दुसऱ्या बटणाच्या मागच्या स्क्रूवरून त्या एका पंख्याची वीज तर जातेच, शिवाय त्याच्या उजवीकडच्या सगळ्या बटणांची आणि सॉकेटची वीजही त्याच स्क्रूवरून पुढे सरकते.

सहावीच्या वर्गात तीन पंखे, तांब्याच्या चोकच्या चार जुन्या ट्यूब आणि सॉकेटवर लावलेला प्रोजेक्टर होता. तीन पंख्यांचा एक अँपिअर, चार ट्यूबचे दीडेक, प्रोजेक्टरचा सव्वा ते दीड, असे मिळून सुमारे चार अँपिअर होतात. पहिल्या बटणावरचा पंखा वगळला तरी दुसऱ्या स्क्रूवर चाराच्या जवळपासच भार येतो. आता समजा, सैल जोडाचा विरोध एक ओहम आहे. जोडात तयार होणारी उष्णता विजेच्या वर्गाच्या पटीत वाढते. एका पंख्याच्या विजेने तिथे एक नवमांश वॉट उष्णता होईल, म्हणजे काहीच नाही. चार अँपिअरने मात्र १६ वॉट होईल. जवळजवळ दीडशे पट. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या हातातली छोटी सोल्डरिंगची कांडी एवढ्याच ताकदीची असते आणि ती शिसे-कथिल वितळवते. इथे ती कांडी भिंतीतल्या बंद पेटीत, धूळ आणि जळमटांच्या मध्ये, शाळा सुटेपर्यंत तापत राहते.

शिवाय जोडाचा विरोध एक ओहमवर थांबत नाही. तापल्याने तांबे काळे पडते, काळा थर वीज अडवतो, त्याने आणखी तापते. तापून फुगलेला आणि रात्री गार होऊन आक्रसलेला स्क्रू रोज किंचित ढिला होतो. वायरीवरचे प्लास्टिक आधी कडक, मग ठिसूळ होते, शेवटी त्याचा कोळसा होतो. कोळशातून वीज वाहू शकते, म्हणून मग ठिणगीला धातूचीही गरज उरत नाही.

आणि वर्गात बोर्डाच्या आसपास असते काय? तक्ते, क्रेप कागदाच्या पताका, थर्मोकोलचे सौरमंडळ, वार्षिक तपासणीच्या वेळी लावलेली तोरणे. शाळेतला बोर्ड दाराजवळ असतो आणि सजावटही दाराजवळच जास्त असते.

एमसीबी का पडत नाही

‘काही झाले तर ट्रिप होईलच की.’ मुख्याध्यापकांचे हे पहिले उत्तर होते. ते चुकीच्या माहितीवर बेतलेले असले तरी निष्काळजीपणाचे नव्हते. गावोगाव हाच समज आहे.

एमसीबी दोन गोष्टी पाहतो. भार त्याच्या मापापेक्षा बराच वेळ जास्त राहिला, किंवा फेज आणि न्यूट्रल थेट एकमेकांना चिकटून विजेचा लोंढा आला, की तो पडतो. सैल जोडात यांतले काहीच घडत नाही. चार अँपिअर वाहत होते, तिथे चारच वाहतात, किंबहुना विरोधामुळे थोडे कमीच. २३० पैकी चार व्होल्ट त्या जोडावर खर्च झाले तर पंख्याचा वेगही कमी झाल्याचे कळत नाही. १० अँपिअरचा एमसीबी या सगळ्याकडे पाहून समाधानी असतो. जुन्या फ्यूजचेही तेच.

ज्याला आपल्याकडे ईएलसीबी म्हणतात आणि हल्लीच्या पेटीवर आरसीसीबी असे लिहिलेले असते, ते उपकरण वेगळी गोष्ट पाहते. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत आली की नाही, हे ते मोजते. ३० मिलिअँपिअरची गळती झाली, म्हणजे वीज कुणाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागली, तर ०.३ सेकंदाच्या आत ते पुरवठा तोडते. मुलाचा जीव वाचवणारे उपकरण हेच, आणि ज्या शाळेच्या मेनवर ते नाही तिथे ते आधी बसवले पाहिजे. पण सैल स्क्रूतली ठिणगी यालाही दिसत नाही. वीज गळत नाही, गेली तेवढी परत येते. अशी ठिणगी ओळखणारी उपकरणे जगात आहेत, पण आपल्या शाळांच्या पेट्यांत ती जवळपास नसतातच. म्हणून हा दोष ओळखायला माणसाचे कान, नाक आणि डोळेच लागतात. आणि वर्गात दिवसभर असणारे कान-नाक-डोळे म्हणजे शिक्षक आणि मुले.

ओले हात

जुलैत कोकणात पंखा लागतो तो उकाड्यापेक्षा कपडे वाळवायला. मुले भिजून येतात, पंख्याखाली बसतात. वर्गात पंखा लावण्याचा मान बहुधा मॉनिटरचा किंवा दाराजवळच्या बाकावरच्या मुलाचा. त्याचे हात ओले, पाय अनवाणी, जमीन ओली.

बटणाची कळ प्लास्टिकची असते, म्हणून एरवी बोटाला वीज लागत नाही. पण तापून कळ तडकली, फटीत ओल शिरली किंवा कोळसा बाहेरपर्यंत आला, की ती हमी संपते. अंगातून एक मिलिअँपिअरच्या आतबाहेर वीज गेली तर मुंग्या येतात. दहाच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेले सोडता येत नाही. पन्नासच्या आसपास वीज काही क्षण छातीतून वाहिली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ओल्या अंगाचा विरोध हजार ओहमच्या घरात धरला, तर २३० व्होल्टवर २३० मिलिअँपिअर होतात. लहान मुलाच्या बाबतीत या आकड्यांत जास्तीची सवलत नाही.

आणखी एक दोष जुन्या इमारतींत हमखास आढळतो आणि तो ठिणगीशिवायही धोक्याचा आहे. बटण फेजवर असायला हवे. वायरिंग करणाऱ्याने उलटापालट केली तर ते न्यूट्रलवर बसते. पंखा लागतो, बंद होतो, कुणाला काही कळत नाही. पण बटण बंद असतानाही पंख्यापर्यंत वीज उभी असते. टेबलावर चढून पात्यांची जळमटे पुसणाऱ्या शिपाईमामांना ‘बटण बंद आहे’ यावर विसंबून चालत नाही.

दुसरे पत्र

जुलैतल्या त्या आठवड्यात बाईंनी जे पाहिले, ते त्यांनी असे लिहिले :

‘प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय : इयत्ता सहावीच्या वर्गातील विजेच्या बोर्डातून ठिणग्या उडत असल्याबाबत व बोर्ड बंद ठेवून परवानाधारक वायरमनकडून तपासून मिळण्याबाबत.

महोदय, सहावीच्या वर्गात दाराजवळच्या बोर्डावरील डावीकडून दुसरे बटण (मधला पंखा) लावल्यावर चर्रचर्र आवाज येतो व फटीतून पिवळ्या ठिणग्या दिसतात. हे मी दि. ३ जुलै रोजी सकाळी प्रार्थनेनंतर, दि. ६ रोजी मधल्या सुट्टीनंतर आणि आज दि. ८ रोजी पावणेअकरा वाजता पाहिले. बटण लावून झाल्यावरही आवाज काही सेकंद चालू राहतो. आवाज येत असताना त्याच बोर्डावरील उजवीकडच्या दोन ट्यूब लुकलुकतात. डावीकडच्या पहिल्या बटणाच्या पंख्यावर परिणाम होत नाही. प्रोजेक्टर चालू असताना आवाज जास्त येतो. आज जळका वास आला व बटणाभोवती तपकिरी डाग दिसला. हेच बटण जून महिन्यात बदलले होते.

आज मी व्हरांड्यातील पेटीतून या वर्गाचा एमसीबी खाली केला आहे व त्यावर चिकटपट्टी लावून चिठ्ठी लिहिली आहे. मुलांना बोर्डाजवळच्या दोन बाकांवरून हलवले आहे. बोर्डाशेजारचे तक्ते काढले आहेत. मुलांनी कोणतेही बटण लावू नये, असे सांगितले आहे.

विनंती अशी की, (१) तपासणी होईपर्यंत हा एमसीबी चढवू नये व तशी सूचना सर्वांना द्यावी. (२) केवळ बटण न बदलता पूर्ण बोर्ड उघडून मागील जोड तपासावेत. (३) काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे व त्याने काय आढळले ते लेखी द्यावे. (४) तोपर्यंत सहावीचा वर्ग वाचनालयाच्या खोलीत भरवण्यास परवानगी मिळावी. पत्राची पोच मिळावी. आपली विश्वासू, वर्गशिक्षिका, इयत्ता सहावी.’

या पत्रात एकही भडक विशेषण नाही. ‘अत्यंत धोकादायक’, ‘मुलांच्या जिवाशी खेळ’ असे काहीच नाही. पण त्यातल्या दोन वाक्यांवर सारे काही ठरले : ‘उजवीकडच्या दोन ट्यूब लुकलुकतात, डावीकडच्या पंख्यावर परिणाम होत नाही.’ दोष बटणाच्या आतल्या पत्तीत असता तर फक्त मधला पंखा अडखळला असता. पुढची बटणेही अडखळतात आणि मागचे अडखळत नाही, याचा अर्थ दोष दुसऱ्या बटणाच्या स्क्रूवर, लूपमध्ये आहे. प्रोजेक्टर लावला की आवाज वाढतो, म्हणजे पुढचा सगळा भार तिथूनच जातो. बाईंना लूप हा शब्दही माहीत नव्हता. त्यांनी पाहिले तेवढे क्रमाने लिहिले.

याचे महत्त्व वायरमनने मला सांगितले. तापणारा सैल जोड लहरी असतो. वायरमन येतो तेव्हा सकाळची वेळ असते, बोर्ड गार असतो, हवा कोरडी असते. तो बटण चार वेळा वर-खाली करतो आणि काहीच होत नाही. ‘ठीक आहे की हो सर,’ म्हणून तो निघून जातो. दोष दिसतो तो दुपारी, सगळे चालू असताना, दोन तास तापल्यावर. वायरमन बोर्डासमोर दहा मिनिटे असतो, बाई वर्षभर असतात. बाईंनी पाहिलेले त्याच्यापर्यंत पोचवण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे कागद. ‘बटण खराब झाले आहे’ असे लिहिले की दुकानातला मुलगा बटणच बदलणार. त्याने काही चूक केली नव्हती. कागदाने त्याला जे सांगितले ते त्याने केले.

बोर्ड उघडल्यावर

वायरमन काकांनी आधी मेन बंद केला, टेस्टरने बोर्ड मेलेला असल्याची खात्री केली, मग पत्रा काढला. दुसऱ्या बटणाच्या स्क्रूखाली लूपच्या दोन वायरी होत्या. एक घट्ट होती, दुसरी ओढताच हातात आली. तिचे टोक काळे पडले होते आणि बोटभर लांबीपर्यंत वरचे प्लास्टिक कडक होऊन तडकले होते. जूनमध्ये नवे बटण बसवताना हेच काळे टोक पुन्हा स्क्रूखाली सरकवले गेले होते. नवे बटण महिनाभरात का गेले, याचे उत्तर इथे होते.

त्यांनी तडकलेला भाग पुरता कापून टाकला, चकचकीत तांबे दिसेपर्यंत वायर सोलली, दोन्ही टोके एकत्र पिळून स्क्रूखाली पूर्ण आत घातली आणि घट्ट केली. मग प्रत्येक वायर ओढून पाहिली. वायर आखूड पडली असती तर तिथे तुकडा जोडून काळी चिकटपट्टी गुंडाळणे हा नेहमीचा उतारा असतो, पण तो नवा सैल जोड असतो. त्याऐवजी नवी लूप वायरच टाकावी लागते. बटण बदलले, बोर्डातली मातीची घरटी काढली, बाकीचे सगळे स्क्रू पुन्हा आवळले. प्रत्येक बटण फेजवर आहे का ते पाहिले. तिसऱ्या पंख्याचे न्यूट्रलवर निघाले, ते फिरवून घेतले. शेवटी सगळे पंखे, ट्यूब आणि प्रोजेक्टर एकदम लावून तासभर चालू ठेवले आणि बोर्डाला हात लावून पाहिला. ही शेवटची पायरी सहसा गाळली जाते. पण गार बोर्डावर दुरुस्ती झाली की नाही हे कळतच नाही.

ज्यांना हे काम शाळेत करून घ्यायचे आहे त्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ठिणगी उडणारे बटण त्याच बटणाने बंद करण्याचा आग्रह धरू नये, पेटीतला एमसीबी किंवा मेन खाली करावा. त्यासाठी पेटीवर कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा, हे लिहिलेले हवे. या शाळेत लिहिलेले नव्हते, बाईंना एकेक पाडून पाहावे लागले. दुसरी गोष्ट, बोर्ड पेटलाच तर पाणी मारू नये. आधी वीज तोडावी, मग कोरड्या पावडरचे अग्निशामक किंवा कोरडी वाळू वापरावी. तिसरी गोष्ट, कुणी विजेला चिकटले असेल तर त्याला हात न लावता आधी मेन पाडावा आणि १०८ ला फोन करावा.

पैसा कुणाचा, जबाबदारी कुणाची

मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची, मीटरनंतरचे सगळे ग्राहकाचे. इथे ग्राहक शाळा आहे. त्यामुळे ‘महावितरणला कळवले आहे’ हे उत्तर वर्गातल्या बोर्डाच्या बाबतीत लागू होत नाही. वायरिंगचे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांतच सांगितले आहे. विजेच्या अपघातात जीव गेला तर त्याची खबर २४ तासांत विद्युत निरीक्षकांना द्यावी लागते. अशा अपघातांची चौकशी विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६१ खाली होते.

पैशाची वाट सरकारी शाळांना ‘संयुक्त शाळा अनुदाना’तून आहे. समग्र शिक्षा योजनेत पटसंख्येनुसार ते ठरते. १०१ ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५० हजार रुपये असा दर आहे. त्यात खडूपासून वीजबिलापर्यंत सगळे बसवायचे असते, किमान एक दशांश स्वच्छतेवर खर्च करायचे असते आणि ते वेळेवर येतेच असे नाही. पण एका बोर्डाच्या दुरुस्तीला लागणारी रक्कम या अनुदानात न बसण्याएवढी मोठी नसते. पूर्ण इमारतीचे वायरिंग बदलायचे असेल तर मात्र ते शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावातून आणि शाळा विकास आराखड्यातून पुढे न्यावे लागते. शिक्षण हक्क कायद्याने हा आराखडा करण्याचे काम समितीकडेच दिले आहे. ठरावाला आधार लागतो, आणि तो आधार म्हणजे असेच तारीखवार पत्र आणि वायरमनचा लेखी अहवाल.

पत्र लिहायला शिक्षक कचरतात. ‘बाई तक्रारखोर आहेत’ असे होऊ नये, मुख्याध्यापकांना अडचणीत आणल्यासारखे वाटू नये, म्हणून तोंडी सांगण्यावर भागते. तोंडी सांगितलेले सुट्टीत विरते. धोका तसाच राहिला की काय होते, याचे दोन दाखले २०२५ च्या जुलैने दिले. १७ जुलैला केरळच्या कोल्लम जिल्ह्यात एका शाळेच्या सायकल-शेडवरून गेलेल्या, खाली लोंबणाऱ्या वीजतारेचा धक्का बसून आठवीतला मुलगा गेला. शेडवर पडलेली चप्पल काढायला तो चढला होता. मुख्याध्यापिका निलंबित झाल्या. २५ जुलैला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी शाळेचे छत कोसळून सात मुले दगावली. त्यानंतर केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने राज्यांना शाळांची सुरक्षा तपासणी करायला सांगितले. त्या सूचनेत इमारतीबरोबर विजेच्या वायरिंगचा स्पष्ट उल्लेख आहे. आणखी एक गोष्ट तीत आहे : मुलांना इजा होऊ शकेल अशी धोक्याची स्थिती किंवा थोडक्यात टळलेला प्रसंगही २४ तासांत नेमलेल्या अधिकाऱ्याला कळवावा. म्हणजे ठिणगीचे पत्र देणे ही तक्रार उरलेली नाही, ते कामाचा भाग आहे. आणि ते मुख्याध्यापकांनाही आधार देते. पत्र हाती आले, बोर्ड बंद केला, वायरमन बोलावला, अहवाल जोडला, हे चारही टप्पे तारखेसह फायलीत असतील तर उद्या कुणी विचारले तरी त्यांच्याजवळ उत्तर असते.

या शाळेत मुख्याध्यापकांनी बाईंच्या पत्रावर त्याच दिवशी शेरा लिहिला, आवक क्रमांक घातला आणि पोच दिली. वायरमन तिसऱ्या दिवशी आला. तोवर सहावी वाचनालयात भरली. एक मात्र राहून जात होते आणि ते वायरमनच्या अहवालातल्या शेवटच्या ओळीने लक्षात आणून दिले. स्लॅबच्या सगळ्या खोल्यांचे वायरिंग एकाच उन्हाळ्यात, एकाच पद्धतीने झालेले होते. सहावीच्या बोर्डात जे निघाले ते चौथीच्या, पाचवीच्या आणि सातवीच्या बोर्डात नसेल असे मानायला काही कारण नव्हते. मुख्याध्यापकांनी प्रत्येक वर्गशिक्षकाला एक कोरा कागद दिला : बोर्डातून आवाज येतो का, केव्हा येतो, काय चालू असताना येतो, वास, डाग, कोमटपणा, आणि त्या वेळी दुसरे कुठले दिवे लुकलुकतात. चार दिवसांत कागद परत आले. चौथीच्या कागदावर लिहिले होते की, सॉकेटवर स्पीकर लावला की शेवटची ट्यूब थरथरते. वायरमन काकांनी दुसऱ्या खेपेला तो बोर्ड सगळ्यांत आधी उघडला.